केपीआयटीचे बिर्लासॉफ्ट झाले, नोकरी मात्र तीच राहिली: अनुभवाच्या नोंदीत कोणते नाव लिहावे?

प्रश्न: मी जुलै 2011 मध्ये पुण्यात केपीआयटी कमिन्समध्ये सॅप विभागात रुजू झाले आणि मार्च 2022 मध्ये बिर्लासॉफ्टमधून बाहेर पडले. मधल्या काळात मी एकदाही राजीनामा दिलेला नाही. तरीही रेझ्युमेत तीन कंपन्या दिसतात आणि मुलाखतीत “इतक्या नोकऱ्या का बदलल्या?” असे विचारतात. माझा एक सहकारी इंजिनिअरिंग विभागात होता. तो सगळा काळ फक्त केपीआयटी लिहितो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. मी नेमके काय लिहावे?

उत्तर: तुमच्या प्रश्नात एक गंमत दडलेली आहे. ज्यांच्या कंपनीचे नाव बदलले, त्या तुमची कायदेशीर कंपनी अखेरपर्यंत बदललीच नाही. आणि ज्याच्या रेझ्युमेत एकच नाव आहे, त्या तुमच्या सहकाऱ्याची नोकरी मात्र 2019 मध्ये एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेली. भरती आणि पार्श्वभूमी पडताळणीच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर नावांच्या अदलाबदलीचा याहून बोधक नमुना मला महाराष्ट्रात तरी दुसरा आठवत नाही, म्हणून उत्तर याच उदाहरणावर बेततो.

आधी कंपनीच्या बाजूने काय घडले ते पाहू. केपीआयटीची कंपनी 1990 सालची. 2002 मध्ये तिच्यात कमिन्स इन्फोटेक विलीन झाली आणि नाव केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टीम्स झाले. 2013 मध्ये ते बदलून केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड असे करण्यात आले. यातला 2013 चा बदल हा निव्वळ नावाचा बदल होता. पाटी बदलली, लेटरहेड बदलले, ईमेलचा पत्ता बदलला; पण नोंदणी क्रमांक तोच राहिला आणि तुमच्या नेमणूकपत्रावरची कंपनीही कायद्याच्या नजरेत तीच राहिली.

जानेवारी 2019 मध्ये अमलात आलेली योजना गुंतागुंतीची होती, कारण तिच्यात दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. सी. के. बिर्ला समूहातील बिर्लासॉफ्ट ही कंपनी केपीआयटी टेक्नॉलॉजीजमध्ये विलीन झाली, म्हणजे टिकून राहिलेली कंपनी केपीआयटी टेक्नॉलॉजीज होती. त्याच योजनेत केपीआयटीचा वाहन-अभियांत्रिकीचा व्यवसाय वेगळा काढून केपीआयटी इंजिनिअरिंग या निराळ्या कंपनीकडे देण्यात आला. यानंतर दोन्ही कंपन्यांची नावे बदलली. मागे राहिलेल्या जुन्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजने बिर्लासॉफ्ट लिमिटेड हे नाव घेतले, आणि केपीआयटी इंजिनिअरिंगने केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड हे मोकळे झालेले नाव घेतले. नवी केपीआयटी एप्रिल 2019 मध्ये शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदली गेली.

म्हणजे 2018 मधली “केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड” आणि 2020 मधली “केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड” या शब्दशः सारख्या नावाच्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. हे पडताळून पाहायचे असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दोघींचा सीआयएन पाहावा. एकवीस अक्षरांच्या या क्रमांकात राज्याच्या दोन अक्षरांनंतर स्थापनेचे वर्ष येते, आणि शेवटचे सहा अंक हा नोंदणी क्रमांक असतो. आजच्या बिर्लासॉफ्टच्या सीआयएनमध्ये 1990 दिसते आणि आजच्या केपीआयटीच्या सीआयएनमध्ये 2018 दिसते. नाव कितीही वेळा बदलले तरी कंपनीचे स्थापनावर्ष बदलत नाही, म्हणून नावांचा गुंता सोडवताना मी आधी तिथेच बघतो.

आता तुमच्या नोंदीकडे वळू. तीन कंपन्यांच्या तीन नोंदी करणे ही तुमची मूळ चूक आहे, आणि ती प्रामाणिकपणातून झालेली आहे. ज्या काळात पगारपत्रकावर जे नाव होते ते लिहावे, असा विचार तुम्ही केला असणार. पण अनुभवाच्या इतिहासातली एक नोंद म्हणजे एक अखंड सेवा असते, आणि कंपनीची नावे त्या सेवेच्या पोटात येतात. वाचणारा रेझ्युमेवर पहिल्या फेरीत फार वेळ घालवत नाही. त्याची नजर कंपनीच्या नावांवरून आणि तारखांवरून खाली घसरते, आणि त्याला दिसते ते एवढेच: दोन वर्षे इथे, साडेपाच वर्षे तिथे, तीन वर्षे आणखी कुठे. रेझ्युमे वाचून माहिती आपोआप रकान्यांत भरणारी सॉफ्टवेअरही तेच करतात. तारखांची प्रत्येक जोडी त्यांच्या लेखी एक नोकरी ठरते.

मी असतो तर तुमची नोंद अशी लिहिली असती:

```
बिर्लासॉफ्ट लिमिटेड, पुणे
(पूर्वीची केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड)
जुलै 2011 – मार्च 2022, सेवा अखंड

  सिनिअर कन्सल्टंट, सॅप     एप्रिल 2017 – मार्च 2022
  कन्सल्टंट, सॅप            जुलै 2011 – मार्च 2017
```

पदांची नावे आणि तारखा मी नमुन्यासाठी घातल्या आहेत, तिथे तुमच्या खऱ्या लिहाव्यात. इंग्रजी रेझ्युमेत “पूर्वीची” या जागी “फॉर्मर्ली” हा एकच शब्द पुरतो. “मर्ज्ड इनटू”, “अक्वायर्ड बाय”, “डीमर्ज्ड फ्रॉम” यांपैकी काहीही इथे घालू नका. तुमच्या बाबतीत ते कायद्याने चुकीचे ठरेल, आणि वाचणाऱ्याला कॉर्पोरेट इतिहासात रसही नसतो. त्याला एवढेच कळायला हवे की वरचे आणि कंसातले नाव एकाच कंपनीचे आहे.

बिर्लासॉफ्ट वर का, हे सांगतो. तुम्ही बाहेर पडलात तेव्हा कंपनीचे नाव ते होते आणि तुमचे रिलीव्हिंग लेटर त्याच नावाचे आहे. पडताळणी करणारी संस्था फोन किंवा ईमेल करणार ती बिर्लासॉफ्टच्या एचआरकडे. शेवटचे नाव वर असले की ती व्यक्ती पहिल्या प्रयत्नात योग्य दारात पोहोचते. केपीआयटी कमिन्स हे सगळ्यात जुने नाव मी नोंदीतून मुद्दाम वगळले आहे. ते 2013 मध्ये संपले, तुमच्या अकरा वर्षांपैकी जेमतेम दोन वर्षे त्या नावाखाली गेली, आणि कंसात दोन नावे आली की वाचणारा अडखळतो. तुमच्या नेमणूकपत्रावर मात्र तेच नाव आहे, म्हणून पडताळणीच्या फॉर्ममध्ये ते आलेच पाहिजे. रेझ्युमे आणि पडताळणीचा फॉर्म हे दोन वेगळे कागद आहेत. रेझ्युमे वाचला जावा म्हणून लिहायचा असतो आणि फॉर्म कागदपत्रांशी जुळावा म्हणून भरायचा असतो, हा भेद पाळला की निम्मे प्रश्न सुटतात.

दोन नावांच्या मध्ये तिरपी रेघ कधीही मारू नका. “केपीआयटी / बिर्लासॉफ्ट” असे लिहिलेले रेझ्युमे माझ्याकडे सतत येतात. आपल्याकडच्या आयटी भरतीत तिरप्या रेघेचा रूढ अर्थ वेगळाच आहे: पगार एका मनुष्यबळ पुरवठादार कंपनीचा आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या कंपनीत. अकरा वर्षे कायम नोकरीत असलेली व्यक्ती त्या एका रेघेमुळे कंत्राटी वाटू लागते, आणि तसे वाटल्याचे तिला कोणी सांगतही नाही.

नोंदीच्या खाली कामाचे जे मुद्दे लिहाल त्यात काळानुसार नावे बदलत बसू नका. 2015 मधल्या प्रकल्पासमोर “केपीआयटीमध्ये असताना” आणि 2020 मधल्या प्रकल्पासमोर “बिर्लासॉफ्टमध्ये असताना” असे लिहिले, की वर जोडलेली सेवा तुम्ही खाली स्वतःच तोडता. याला एक अपवाद आहे. पुरस्कार, प्रमाणपत्र किंवा प्रकाशित लेख यांवर जे नाव छापलेले आहे ते तसेच ठेवावे, कारण कोणी तो कागद मागितला तर नाव जुळले पाहिजे.

आता तुमच्या सहकाऱ्याचे पाहू. रेझ्युमेपुरते त्याचे एकच नाव चालते, आणि त्याने तिथे काही बदलू नये. पण त्याचा मालक 2019 मध्ये कायद्याने बदलला. व्यवसाय एका कंपनीकडून दुसरीकडे जातो तेव्हा योजनेत सहसा असे कलम असते की कर्मचारी सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर नव्या कंपनीकडे जातील. कर्मचाऱ्याला बहुधा एक पत्र किंवा ईमेल येतो, तो त्यावर “मान्य” म्हणतो आणि विसरून जातो. तीन वर्षांनी पडताळणी करणारा विचारतो की आपली कंपनी तर 2018 ची आहे, मग आपण तिच्यात 2011 पासून कसे, आणि त्या वेळी ते विसरलेले पत्र शोधण्याची धावपळ सुरू होते. पडताळणीच्या फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना असतो. त्यात त्याने असे एक वाक्य लिहावे:

```
2011 मध्ये केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टीम्स लिमिटेड
(आताची बिर्लासॉफ्ट लिमिटेड) येथे नेमणूक. 2019 च्या विभाजनात
अभियांत्रिकी व्यवसायासह आताच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज
लिमिटेडकडे हस्तांतरण. सेवा अखंड.
```

नाव न बदललेल्या माणसालाच अधिक खुलासा द्यावा लागतो, हे त्याला सुरुवातीला पटणार नाही. त्याला सीआयएनमधले वर्ष दाखवा.

याच कंपनीतून 2016 मध्येच बाहेर पडलेले हजारो लोक आहेत, आणि त्यांचा नियम तुमच्यापेक्षा उलटा आहे. त्यांनी जुने नाव वर ठेवावे. ते बिर्लासॉफ्ट या नावाखाली एक दिवसही काम केलेले नाहीत, आणि ते नाव मोठ्या अक्षरांत वर घातले तर मुलाखतीत समोर एखादा बिर्लासॉफ्टचा जुना माणूस निघाला की त्याच्या पहिल्याच प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसते. त्यांनी “केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड, पुणे (सॅप विभाग; ही कंपनी आता बिर्लासॉफ्ट लिमिटेड)” असे लिहावे. अभियांत्रिकी विभागातून 2016 मध्ये गेलेल्याने कंसातील मजकूर गाळला तरी वाचणाऱ्याचा गैरसमज होत नाही, कारण त्याचा व्यवसाय आज केपीआयटी याच नावाखाली चालतो. मात्र पडताळणीचा फॉर्म भरण्याआधी त्याने दोन्ही कंपन्यांच्या एचआरला एक छोटा ईमेल करून आपला कर्मचारी क्रमांक आणि तारखा द्याव्यात, आणि सेवेची खातरजमा कोण करेल ते लेखी विचारून घ्यावे. कायद्याने त्याचा मालक आज एका नावाने ओळखला जातो आणि त्याचा विभाग दुसऱ्या नावाने. अशा वेळी फाइल कुठे आहे हे तर्काने ठरवू नये.

अशा सगळ्या प्रकरणांत नोंद एक करावी की दोन, हे ठरवायला मी एकच कसोटी वापरतो: बदलाच्या दिवशी तुमचा पूर्ण आणि अंतिम हिशेब झाला का? रजांचे पैसे देऊन शिल्लक शून्यावर आणली, ग्रॅच्युइटी हातात दिली किंवा सेवा संपल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या कंपनीने पहिल्या दिवसापासून नवी नेमणूक दिली, तर सेवा तुटली. मग इमारत, खुर्ची आणि साहेब तेच असले तरी नोंदी दोन होतात. रजा पुढे आल्या, ग्रॅच्युइटीसाठी मूळ रुजू तारीख धरली गेली, नोटीस पिरियड पाळावा लागला नाही, तर सेवा एक आणि नोंदही एक. एका समूहातल्या एका उपकंपनीतून दुसऱ्या उपकंपनीत बदली झालेल्यांना ही कसोटी विशेष उपयोगी पडते. तिथे काही वेळा बदलीचे पत्र मिळते आणि काही वेळा राजीनामा घेऊन नवी नेमणूक दिली जाते, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसते.

उपकंपनीच्या बाबतीत आणखी एक मोह आवरावा लागतो, तो समूहाचे मोठे नाव लिहिण्याचा. घरी आणि नातेवाइकांत “तो टाटांकडे आहे” किंवा “ती एल अँड टीत आहे” असे म्हणणे ठीक आहे, पण नोंदीत पगार देणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव यावे आणि समूहाचे नाव हवेच असेल तर नंतर यावे. याला एक जुना आणि सुंदर अपवाद आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही 2004 पर्यंत स्वतंत्र कंपनी नव्हती, ती टाटा सन्सचा एक विभाग होती. त्यामुळे नव्वदच्या दशकात टीसीएसमध्ये लागलेल्यांच्या नोकरीची खरी मालक टाटा सन्स होती. अशा एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला संकोचून विचारले होते की टाटा सन्स लिहिले तर फुशारकी वाटेल का. मी त्यांना रेझ्युमेत “टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (2004 पर्यंत टाटा सन्सचा विभाग)” असे लिहायला सांगितले. त्यात फुशारकीही नव्हती आणि त्यांच्या नेमणूकपत्राशी विसंगतीही नव्हती.

विलीनीकरणात जिची कंपनी संपून गेली त्या व्यक्तीचे काय, हे बँकांच्या उदाहरणावरून चटकन समजते. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. देना बँक हे त्या कंपनीचे जुने नाव नव्हे, ती वेगळी बँक होती आणि आता ती अस्तित्वात नाही. म्हणून “बँक ऑफ बडोदा (पूर्वीची देना बँक)” असे लिहिणे चूक आहे, कारण बँक ऑफ बडोदा पूर्वीही बँक ऑफ बडोदाच होती. 2008 ते 2023 सलग नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने “बँक ऑफ बडोदा (मार्च 2019 पर्यंत देना बँक, विलीनीकरणाने वर्ग)” असे लिहावे. इथे “पर्यंत” हा शब्द सगळे काम करतो: सेवा जोडलेली राहते आणि दोन बँकांची सरमिसळही होत नाही. मराठवाड्यातल्या स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या मंडळींनाही हेच लागू आहे, त्यांची तारीख 1 एप्रिल 2017.

लांबलचक साखळी असेल तर फक्त पहिला आणि शेवटचा दुवा ठेवा. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स 2011 मध्ये आयगेटने घेतली आणि 2015 मध्ये आयगेट कॅपजेमिनीने घेतली. 2008 मध्ये पटनी सोडलेल्या माणसाला “पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स (व्यवसाय आता कॅपजेमिनीकडे)” एवढे पुरे आहे. मधले आयगेट त्याने कधी पाहिलेच नाही.

आता कागद. फॉर्म भरायला बसण्याआधी चार गोष्टी समोर ठेवा: नेमणूकपत्र, बदलाच्या वेळचे पत्र किंवा ईमेल, रिलीव्हिंग लेटर, आणि पीएफच्या संकेतस्थळावर यूएएन घालून दिसणारा सेवा इतिहास. पहिल्या तिघांत घोळ क्वचितच होतो. चौथ्यात हमखास होतो, आणि आजकाल पडताळणी करणारे सर्वांत आधी तेच पाहतात.

सेवा इतिहासातली प्रत्येक ओळ एका मेंबर आयडीची असते आणि मेंबर आयडी आस्थापनेच्या कोडला बांधलेला असतो. निव्वळ नाव बदलले असेल तर कोड तोच राहतो आणि ओळ एकच राहते. कंपनीने आपले नाव तिथे बदलून घेतले असेल, तर ज्या काळात ते नाव जन्मालाही आले नव्हते त्या काळासमोरही नवेच नाव दिसू शकते. त्यामुळे जुने नाव लिहिणारा उमेदवार खोटा वाटतो. उलट व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल तर बहुधा नवा मेंबर आयडी निघतो आणि दोन ओळी दिसतात: एक सोडण्याच्या तारखेसह संपलेली, दुसरी पुढच्या दिवशी सुरू झालेली. पडताळणी करणाऱ्याला हे राजीनामा आणि नवी नोकरी असेच दिसते. कधी पहिल्या ओळीतली सोडण्याची तारीख भरायचीच राहून जाते, आणि मग तुम्ही एकाच वेळी दोन कंपन्यांत काम करत होता असा लाल शेरा अहवालात येतो.

असे एक प्रकरण मी जवळून पाहिले आहे. उमेदवाराची कंपनी तिच्या मूळ समूहाने दुसऱ्या उपकंपनीत विलीन केली होती आणि पीएफमध्ये जुन्या आयडीची अखेरची तारीख कोणी भरली नव्हती. रेझ्युमेत त्याने एकच नाव आणि एकच काळ लिहिला होता, जे बरोबरच होते. पडताळणीच्या अहवालात मात्र “दुहेरी नोकरीची शक्यता” असे आले आणि नेमणूक साडेतीन आठवडे अडकली. शेवटी त्याला वाचवले ते जुन्या मेलबॉक्समधल्या एका ओळीच्या ईमेलने, ज्यात सेवा अखंड राहील असे एचआरने लिहिले होते. कंपनी सोडताना तो ईमेल त्याने स्वतःच्या खात्यावर पाठवून ठेवला होता. योगायोगानेच, असे तो म्हणाला.

म्हणून सेवा इतिहास आधी उघडून पाहा आणि रेझ्युमेशी कुठे जुळत नाही ते पेन्सिलीने लिहून काढा. अखेरची तारीख रिकामी असेल तर कंपनीच्या एचआरला सांगून भरून घ्या. आधार जोडलेला असेल तर सदस्याला स्वतःही ती भरण्याची सोय आहे. दोन ओळी खऱ्याच असतील तर त्या जोडायचा खटाटोप करू नका. फॉर्मच्या शेऱ्यात हस्तांतरणाचे वाक्य लिहा आणि सोबत पत्र जोडा.

फॉर्म 16 कडेही एक नजर टाका. त्यात पगारावर कर कापणाऱ्याचे नाव आणि टॅन असतो. विलीनीकरण किंवा हस्तांतरण आर्थिक वर्षाच्या मध्येच झाले तर त्या एका वर्षाचे दोन फॉर्म 16, दोन नावांचे, मिळू शकतात. पडताळणीसाठी त्या वर्षाचा फॉर्म मागितला तर दोन्ही एकत्र द्या. एकच दिला तर काही महिन्यांची नोकरी गायब झाल्यासारखी दिसते.

लिंक्डइनवर एक वेगळीच अडचण येते. नोंद कंपनीच्या अधिकृत पानाशी जोडलेली असेल तर त्या पानाचे नाव बदलताच तुमच्या नोंदीतले नावही तुम्हाला न विचारता बदलते. 2016 मध्ये सोडलेल्या कंपनीसमोर आज भलतेच बोधचिन्ह झळकत असते आणि तुम्ही पाठवलेल्या रेझ्युमेत जुने नाव असते. तुमच्या बाबतीत आणखी एक फट आहे: नोंद केपीआयटीच्या पानाशी जोडलेली राहिली असेल, तर वाचणारा थेट आजच्या केपीआयटीकडे जाईल, जिच्याकडे तुम्ही कधीच नव्हता. नोंद उघडून बिर्लासॉफ्टच्या पानाशी जोडा, खालच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत “पूर्वीची केपीआयटी टेक्नॉलॉजीज” लिहा, आणि तिथेही तीन नोंदी केल्या असतील तर त्या काढून एक करा.

नोकरीच्या संकेतस्थळांवरील फॉर्ममध्ये बहुधा कंपनीच्या नावाला एकच छोटा रकाना असतो आणि त्यात कंस घातले तर काही वेळा पुढचा मजकूर कापला जातो. तिथे फक्त “बिर्लासॉफ्ट लिमिटेड” लिहा, रुजू तारीख जुलै 2011 टाका आणि जुने नाव कामाच्या वर्णनात घाला. रुजू तारीख 2019 टाकण्याची चूक मात्र करू नका. “नाव तर 2019 पासूनच आहे” असा विचार करून अनेक जण तसे करतात, आणि आपल्या अनुभवातून साडेसात वर्षे स्वतःच्या हाताने वजा करतात.

राहिला मुलाखतीतला प्रश्न. नोंद वरीलप्रमाणे केल्यावर तो बहुधा येणारच नाही. आला, तर विलीनीकरणाची कथा सुरू करू नका. “मी 2011 ते 2022 एकाच नोकरीत होते, मध्ये कंपनीचे नाव बदलले” एवढे सांगून थांबा. समोरच्याला अधिक हवे असेल तर तो विचारेल, आणि तेव्हा तुमच्या सहकाऱ्याची गोष्ट जरूर सांगा. मुलाखत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती ठाऊक नसते.

एक तपशील राहिला. तुमच्या रिलीव्हिंग लेटरवर रुजू तारीख कोणती छापली आहे ते आज रात्रीच पाहा. ती जुलै 2011 असेल तर काही करायचे नाही. ती 2019 ची असेल, तर वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवून आधी एचआरकडून मूळ रुजू तारखेचे सेवापत्र मागवा, कारण त्या कागदाशिवाय “सेवा अखंड” हे शब्द तुम्हाला नोंदीत लिहिता येणार नाहीत.